तपासणीआधीचे तीन दिवस आणि आमचे अकरा कॉम्प्युटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माण तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत गणित शिकवते. कॉम्प्युटर लॅबची किल्लीही माझ्याकडेच असते. जानेवारीत आमच्या लॅबला ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळणार होतं. त्याची तपासणी शुक्रवारी होती आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर असलेला पेनड्राइव्ह माझ्या हातात मंगळवारी दुपारी पडला. त्या तीन दिवसांची गोष्ट शिक्षकांच्या बैठकीत सांगितली, तेव्हापासून आजूबाजूच्या शाळांतले सर आणि मॅडम फोन करून तेच प्रश्न विचारत असतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. घडलं त्याच क्रमाने लिहिली असल्यामुळे सलग वाचली तर गोष्टही कळेल.

१. तुम्हाला नेमकं काय करून दाखवायचं होतं?

लॅबमध्ये अकरा कॉम्प्युटर आहेत. बहुतेकांचे मदरबोर्ड २००९च्या आसपासचे, दोन जीबी रॅम आणि ३२ बिटचं विंडोज ७. त्यांतला एक सर्व्हर म्हणून चालवायचा होता. बाकीचे लॅनच्या तारेने त्याला जोडायचे आणि प्रत्येकावर परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकायचं. तपासणीत आठ मुलांना पुरतील एवढे कॉम्प्युटर आणि एक राखीव, असे नऊ चालू दाखवायचे होते. म्हणजे सर्व्हर धरून दहा लागणार होते. एका कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वरून फाटलेले होते. तो पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. उरलेल्या दहांपैकी एकही हातचा जाऊन चालणार नव्हता.

केंद्र मिळालं नसतं तर आमच्या मुलामुलींना परीक्षेसाठी सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला जावं लागलं असतं. काही घरांतून मुलींना त्यासाठी पाठवतच नाहीत, हे मला ठाऊक होतं.

२. सॉफ्टवेअर टाकताना पहिल्यांदा काय अडलं?

मंगळवारी संध्याकाळी एकूण एक कॉम्प्युटरवर काहीतरी वेगळंच अडत होतं. एकावर सेटअप सुरू होऊन मध्येच परत फिरे. दुसऱ्यावर त्या सॉफ्टवेअरला लागणारं डॉट नेट फ्रेमवर्क बसत नव्हतं. तिसऱ्यावर सॉफ्टवेअर बसलं, पण सर्व्हरशी जोडताना सुरक्षा प्रमाणपत्र चालत नसल्याचा संदेश यायचा. मला वाटलं पेनड्राइव्हवरची प्रतच खराब आहे. मी ती पुन्हा उतरवली आणि पुन्हा पुन्हा टाकून पाहिली. यात रात्रीचे साडेनऊ वाजले.

कारण सापडलं ते आमच्या शिपाईमामांना. शाळेची घंटा तेच देतात, त्यामुळे त्यांची नजर आधी घड्याळाकडे जाते. कुलूप लावायला आले आणि म्हणाले, "मॅडम, ह्या सगळ्यांवर तारीख १ जानेवारी २००९ का दाखवतंय?" पाहिलं तर दहापैकी सात कॉम्प्युटर २००९ सालात होते. सात ठिकाणी सात वेगळे संदेश दिसत होते, त्यामुळे सगळ्यांमागे एकच कारण असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

३. तारीख चुकली तर सॉफ्टवेअर का अडावं? त्याचा काय संबंध?

सॉफ्टवेअरवर आणि सर्व्हरवर एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, या दोन तारखा त्यातच लिहिलेल्या असतात. कॉम्प्युटर प्रमाणपत्र तपासताना स्वतःच्या घड्याळातली तारीख प्रमाण मानतो. आमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याच वर्षी दिलेलं होतं. २००९ सालात अडकलेल्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने ते अजून सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून त्याने ते नाकारलं. त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच होतं.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. सर्व्हरचा पत्ता क्रोममध्ये उघडून पाहा. पानावर खालचा संदेश आला तर दुसरं काहीही करण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष बघा.

```
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

शिवाय परीक्षेचं सॉफ्टवेअर पेपर उघडण्याआधी वेळ पाहतं. तारीख मागे असेल तर परीक्षा सुरू झालेली नाही म्हणून सांगतं, पुढे असेल तर संपली म्हणून. पुढे असल्याचाही एक प्रकार आमच्याकडे झाला, तो प्रश्न ९ मध्ये आहे.

४. मग तारीख हाताने बदलली की काम झालं ना? सेल बदलायची काय गरज?

मीही त्या रात्री तेच केलं. सातही कॉम्प्युटरची तारीख हाताने दुरुस्त करून घरी गेले. बुधवारी सकाळी येऊन पाहते तो सगळे परत २००९ मध्ये. रात्री लाईट गेली होती.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक बटन सेल असतो. वीज नसताना घड्याळ आणि बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधल्या, नोंदी त्याच्यावर टिकतात. तो उतरला की भिंतीवरचा पुरवठा गेल्याबरोबर कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि बनवणाऱ्याने ठरवलेल्या तारखेवर परत जातो. चालू करताना काळ्या पडद्यावर अशी ओळ दिसते:

```
CMOS checksum error - Defaults loaded
```

वर्षानुवर्षं मुलं ही ओळ आली की `F1` दाबून पुढे जात होती. मीच त्यांना तसं शिकवलं होतं, आणि त्याचा अर्थ काय ते एकदाही वाचून पाहिलं नव्हतं. हे मला आजही लागतं.

सेल तपासायला मल्टिमीटर पुरतो. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. आमचे उतरलेले सेल अडीचच्याही खाली होते. दोन तर एक व्होल्टसुद्धा दाखवत नव्हते.

५. सेल बदलण्याची तुमची पद्धत सांगाल का? विकत घेताना काय बघायचं?

जुना सेल काढण्याआधी बायोसमध्ये जा आणि तिथल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ही पायरी गाळलीत तर काय होतं ते प्रश्न ६ मध्ये वाचा. नंतर कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही. चालू करायचं बटण एकदोनदा दाबलं की आत उरलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा आणि मगच आत हात घालायचा. सेलच्या बाजूची छोटी पट्टी नखाने सरकवली की तो वर उचलला जातो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवायची.

मुलांना मी कॅबिनेट उघडू दिलं नाही. दहावीच्या दोन मुलींनी प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर चिकटवले आणि वहीत नोंदी ठेवल्या. शुक्रवारी ती वही फार उपयोगी पडली.

आता विकत घेण्याबद्दल. सेल २०३२ नंबरचाच हवा. त्या नंबरातच मापं आहेत: २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. दहिवडीच्या घड्याळाच्या दुकानात मी दहा सेल मागितले. उरलेले तीन कॉम्प्युटरही त्याच वयाचे होते, म्हणून सगळ्यांचेच बदलायचं ठरवलं होतं. दुकानदाराकडे नऊच निघाले. दहावा त्याने २०२५ नंबरचा दिला आणि म्हणाला, "तीन व्होल्टच आहे मॅडम, चालतंय." व्होल्ट तेवढेच असतात हे खरं. पण तो २.५ मिलिमीटर जाड असतो, म्हणून २०३२च्या खोबणीत सैल बसतो. कधी टेकतो, कधी नाही. मला ते कळत होतं, तरी घाई होती म्हणून घेतला आणि सहा नंबरच्या कॉम्प्युटरला बसवला.

६. आम्ही सेल बदलला आणि विंडोज उघडायच्या ऐवजी निळा पडदा आला. हार्ड डिस्क गेली का?

बहुतेक वेळा नाही. निळ्या पडद्यावर खालचा आकडा आहे का ते बघा:

```
STOP: 0x0000007B
```

विंडोजला स्वतःची डिस्क वाचता येत नाही, एवढाच याचा अर्थ. सेल उतरला किंवा काढला की बायोसच्या नोंदी मूळ पदावर जातात. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ही नोंद त्यांच्यातच असते. बायोसमध्ये ती `SATA Mode` किंवा तशाच नावाखाली सापडते आणि तिथे `IDE` किंवा `AHCI` लिहिलेलं असतं. विंडोज `AHCI` वर बसवलेलं असेल आणि बायोस `IDE` वर परतला, की हा पडदा येतो. नोंद होती तशी करून सेव्ह केलं की विंडोज पूर्वीसारखं उघडतं, डिस्कवरच्या माहितीला धक्का लागत नाही.

आमच्याकडे बुधवारी दोन कॉम्प्युटरवर हे झालं. पहिल्यावर मी इतकी घाबरले की विंडोज नव्याने टाकायच्या बेतात होते. तसं केलं असतं तर अर्धा दिवस गेला असता. दुसऱ्याच्या वेळी वहीत फोटोची नोंद होती, दोन मिनिटांत काम झालं. पूर्वीची नोंद माहीत नसेल तर दोन्ही पर्याय एकेकदा लावून पाहायला हरकत नाही.

७. तारीख बरोबर आहे, तरीही विंडोज ७वर डॉट नेट ४.८ बसत नाही. काय करावं?

आमच्या सॉफ्टवेअरला डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ लागत होतं. विंडोज ७वर ते चालतं, मात्र सर्व्हिस पॅक १ असायला हवा. इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर सेटअप थोडा पुढे जातो आणि असं सांगून थांबतो:

```
A certificate chain processed, but terminated in a
root certificate which is not trusted by the trust provider.
```

मायक्रोसॉफ्टने या सेटअपवर ज्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर सही केली आहे, ते जुन्या विंडोजकडे नसतं. नेट जोडलेलं असेल तर ते आपोआप येतं. आमचे कॉम्प्युटर कित्येक वर्षं नेटला लागलेलेच नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून `MicrosoftRootCertificateAuthority2011.cer` ही फाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हने आणायची, आणि कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून फाइल जिथे ठेवली त्या फोल्डरमधून ही ओळ द्यायची:

```
certutil -addstore root MicrosoftRootCertificateAuthority2011.cer
```

यानंतर सेटअप पुढे जातो. आमच्याकडे एकेका कॉम्प्युटरला वीस ते पंचवीस मिनिटं लागली. दोन जीबी रॅमवर यापेक्षा लवकर होईल अशी अपेक्षा धरू नका, आणि पट्टी हलत नाही म्हणून मध्येच बंदही करू नका.

इथेही तारखेचा फेरा आहे. हे मूळ प्रमाणपत्र २२ मार्च २०११ पासून चालू धरलं जातं. कॉम्प्युटर २००९ मध्ये असताना ते आत टाकलं तरी त्या घडीला ते चालू नसतं. म्हणून आधी सेल, मग तारीख, मग प्रमाणपत्र आणि शेवटी डॉट नेट हाच क्रम ठेवा. मंगळवारी रात्री मी शेवटाकडून सुरुवात केली होती.

८. सगळ्या कॉम्प्युटरची घड्याळं एकसारखी कशी ठेवली? प्रत्येकाची वेळ हाताने लावली का?

बुधवारी हाताने लावली. कुणी दोन मिनिटं पुढे, कुणी तीन मिनिटं मागे राहिला. एका खोलीत बसलेल्या मुलांचा पेपर वेगवेगळ्या वेळी संपला तर तो अन्याय होईल, म्हणून गुरुवारी सर्व्हरचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवलं आणि बाकीच्यांना वेळ त्याच्याकडून घ्यायला लावली. प्रत्येक कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ही ओळ दिली. `SERVER1` च्या जागी तुमच्या सर्व्हरचं नाव घालायचं:

```
net time \\SERVER1 /set /yes
```

ही ओळ एका छोट्या बॅच फाइलमध्ये ठेवून रोज सकाळी चालवता येते. पण सर्व्हरची तारीखच चुकली तर ही ओळ सगळ्यांना एकदम चुकवेल. म्हणून नव्या सेलांमधला मल्टिमीटरवर सर्वांत चांगला भरलेला मी सर्व्हरला बसवला.

९. घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर दिसतंय, तरी "परीक्षेची वेळ संपली" असं येतं. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि शोधायला सगळ्यात अवघड गेलेली अडचण हीच. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आठ ते नऊ अशी सराव परीक्षा ठेवून मी नऊही कॉम्प्युटर एकदम जोडले. आठ जण वाट पाहायला सांगत होते. तीन नंबरचा मात्र परीक्षा संपली म्हणत होता. त्याच्यावरचं घड्याळ साडेसातच दाखवत होतं, तारीखही तीच. तेवढा एक मी हाताने वेळ लावून सोडला होता.

अर्ध्या तासाने लक्षात आलं की त्याचा टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा आहे. कधीतरी कुणीतरी त्यावर विंडोज नव्याने टाकलं होतं आणि झोन होता तसाच ठेवला होता. जानेवारीत तो झोन आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतो. तिथे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात. सॉफ्टवेअर झोन धरून हिशोब करतं, त्यामुळे त्याच्या लेखी शुक्रवार उजाडलेला होता.

तुमच्याकडे असं वाटलं तर आधी पहिली ओळ देऊन कुठला झोन आहे ते बघा, मग दुसरीने बदला:

```
tzutil /g
tzutil /s "India Standard Time"
```

झोन बदलला की घड्याळ एकदम पुढे उडी मारतं. घाबरू नका, लगेच प्रश्न ८ मधली ओळ देऊन वेळ सर्व्हरशी जुळवा.

१०. विंडोज ७ अजून का वापरता? ते असुरक्षित नाही का?

मायक्रोसॉफ्टने त्याला सुरक्षा अपडेट देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं, त्यामुळे शंका रास्त आहे. आमच्या कॉम्प्युटरना विंडोज १० पेलत नाही. एकावर टाकून पाहिलं होतं, लॉगिन व्हायलाच पाच मिनिटं लागायची. लिनक्स हलकं चालतं, पण परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरचं होतं. म्हणून लॅबला इंटरनेट जोडलेलं नाही, एकमेकांना जोडणारी लॅनची तार तेवढी आहे. पेनड्राइव्हही एकच वापरला आणि आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तपासून घेतला.

११. एवढा त्रास कशाला? तपासणीपुरते शेजारच्या शाळेतून चांगले कॉम्प्युटर का नाही आणले?

हे मला तीन जणांनी सुचवलं, आणि चांगल्या मनानेच सुचवलं. मुख्याध्यापक सरांनी निर्णय माझ्यावर सोडला होता. मी नको म्हटलं. तपासणी एका दिवसाची असते, परीक्षेला मात्र आमची मुलं आमच्याच कॉम्प्युटरवर बसणार. आणलेले परत गेल्यावर एखाद्या मुलाचा पेपर अडला असता तर त्याच्या डोळ्यांत मी पाहू शकले नसते. फाटलेल्या कपॅसिटरचा अकरावा कॉम्प्युटरही मी लपवला नाही, त्याच्यावर "नादुरुस्त" असा कागद लावला.

१२. शुक्रवारी तपासणीत काय झालं?

गुरुवारी रात्री परत लाईट गेली. शुक्रवारी साडेदहाला तपासणीला आलेल्या मॅडम लॅबमध्ये शिरल्या आणि मी एकेक कॉम्प्युटर चालू करत गेले. सहा नंबरवर निळा पडदा आला. त्यालाच सैल सेल बसवलेला होता.

माझे हात थरथरत होते, पण आकडा ओळखीचा होता. मी मॅडमना सांगितलं, "याचा सेल चुकीच्या मापाचा आहे, लाईट गेली की हा विसरतो. मला दोन मिनिटं द्या." मुलींची वही उघडली, सहा नंबरचं पान काढलं, बायोसमध्ये `AHCI` लावलं, तारीख भरली. विंडोज उघडलं. सर्व्हरकडून वेळ घेतली आणि तो सराव परीक्षेला जोडला गेला. मॅडम माझ्या मागे उभ्या राहून वही वाचत होत्या. मग त्यांनी शिपाईमामांना मेन स्विच पाडायला सांगितला, दहा मिनिटं थांबून परत लावायला लावला आणि प्रत्येकाची तारीख स्वतः फिरून पाहिली. नऊ कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर आणि आठ, बरोबर तारखेवर उठले. सहा नंबर परत २००९ मध्ये होता.

त्यांनी अहवालात सर्व्हर आणि आठ योग्य असं लिहिलं, आणि सहा नंबरचा सेल बदलून आठ दिवसांत फोटो पाठवायच्या अटीवर राखीव म्हणून धरला. जाताना वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले.

१३. सहा नंबरचं पुढे काय झालं?

साताऱ्याला कामाला जाणाऱ्या एका पालकांनी सोमवारी संध्याकाळी २०३२ नंबरचे दोन सेल आणून दिले. एक बसवला, दुसरा लॅबच्या कपाटात डबीत ठेवला आहे. त्या रात्री मी मुद्दाम मेन स्विच पाडून घरी गेले. मंगळवारी सकाळी मी पोचण्याआधीच शिपाईमामांनी लॅब उघडून सहा नंबर चालू केला होता, आणि तारीख बरोबर आहे हे सांगायला ते फाटकापाशी उभे होते.